लोकेशन आधी की तारखा आधी? वाड्यातल्या आठ दिवसांचा चार्ट

प्रश्न: आमचा पहिलाच मराठी चित्रपट आहे. साठेक सीन, त्यातले जवळजवळ निम्मे गावाकडच्या एका वाड्यात. बाबांचं काम करणारे नट मालिकेत अडकलेत, आईचं काम करणाऱ्या ताईंचे शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग असतात, शिवाय नऊ वर्षांचा मुलगा आहे. लोकेशनप्रमाणे सीन एकत्र केले की नटांच्या तारखा जुळत नाहीत. नटांप्रमाणे केले की वाड्यावर तीनदा जावं लागतंय. आधी काय धरायचं?

उत्तर:

वाड्यावर एकदाच जायचं, एवढं पक्कं धरा. पण तिथे कधी जायचं आणि कुठल्या दिवशी काय घ्यायचं हे वाडा ठरवत नाही, आणि एकेकटा नटही ठरवत नाही. ते ठरतं कॉम्बिनेशन डेट्सवर. बाबा कधी मोकळे, आई कधी मोकळी, हे वेगवेगळं विचारून काही हाती लागत नाही. दोघं एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, मेकअप करून उभे राहू शकतील असे दिवस किती आणि त्या दिवसांत त्या दोघांची किती पानं संपवायची आहेत, हा खरा हिशेब आहे. तो निघाला की बाकीचा चार्ट बराचसा आपोआप लागतो.

आधी लोकेशन का, ते थोडक्यात. पाश्चात्त्य पुस्तकांतून शिकलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला हट्ट असतो की प्रत्येक नटाचे दिवस सलग आले पाहिजेत. अमेरिकेत युनियनच्या करारांमुळे नटाच्या मधल्या रिकाम्या दिवसांचे पैसेही बहुधा द्यावे लागतात, म्हणून तिथे त्या सल्ल्याला अर्थ आहे. आपल्याकडे छोट्या मराठी चित्रपटात नट बहुतेक वेळा पूर्ण कामाची एक ठरावीक रक्कम घेतात. मधे एक दिवस लॉजवर बसून राहिले तर खर्च खोलीचा आणि जेवणाचा. उलट साठ माणसांचं युनिट मुंबईहून वाईला न्यायचं म्हणजे एक अख्खा दिवस रस्त्यात जातो, त्या दिवसाचा पगार सुरूच असतो, आणि जनरेटर, लाइट, कॅमेऱ्याच्या गाड्या वेगळ्या. दोनदा गेलात तर हे दोनदा. तेव्हा नट एखादा दिवस बसला तर बसू द्या, युनिट दुसऱ्यांदा हलवू नका. आपल्याकडे नटाचा दिवस महाग नसतो, तो मिळत नसतो. फरक तिथे आहे.

नेमकं तुमच्यासारखं कोडं मला काही वर्षांपूर्वी पडलं होतं. वाईजवळचा वाडा, जानेवारी महिना. गोष्ट वाटणीची: दोन भाऊ भांडतात आणि शेवटी अंगणात भिंत घातली जाते. माणसं म्हणजे आजोबा, आई, बाबा, काका आणि मुलगा. वाड्याच्या मुक्कामात २६ सीन, ३८ पानं. तोच चार्ट उलगडून दाखवते, तुमचे आकडे तुम्ही घाला.

पहिलं काम, सीन मोजणं बंद करा. “आज पाच सीन आहेत” या वाक्याला काही अर्थ नाही, कारण एक सीन पाव पानाचा असतो आणि दुसरा चार पानांचा. पटकथेच्या पानाचे आठ भाग करायचे आणि प्रत्येक सीन किती अष्टमांश आहे ते लिहायचं, ही जुनी आणि अजूनही चांगली पद्धत. पण ती तशीच्या तशी मानू नका. आमच्या पटकथेत एक ओळ होती, “गवंडी भिंत घालतात, आजोबा पाहत राहतात.” पानाचा आठवा भाग. चित्रीकरणाला तीन तास लागले. उलट आई-बाबांचं दोन पानांचं रात्रीचं बोलणं दिग्दर्शकानं दोन शॉटमध्ये घेतलं आणि दीड तासात मोकळा झाला. म्हणून पानांशेजारी तासांचा रकाना ठेवा आणि तो दिग्दर्शक आणि कॅमेरामन यांना समोर बसवून भरा. दिग्दर्शक नेहमी कमी सांगतो, कॅमेरामन नेहमी जास्त. खरा आकडा मधे कुठेतरी असतो.

एक्सेलमध्ये प्रत्येक सीनची एक ओळ करा. त्यात जागा, दिवस की रात्र, कोण कोण, पानं, तास. जागेच्या रकान्यात नुसतं “वाडा” लिहू नका. माजघर, ओसरी, अंगण, कोठीची खोली असं लिहा. ओसरीवरचं लायटिंग उतरवून माजघरात लावायला आमच्या लाइटवाल्या दादांना सव्वा ते दीड तास लागायचा. दिवसात अशा तीन उड्या मारल्या तर बारा तासांच्या शिफ्टमधले चार तास सामान उचलण्यात गेले. वाडा एक लोकेशन नाही, तो चार-पाच लोकेशनचा गठ्ठा आहे.

आता त्या यादीवर “कोण कोण” या रकान्यानुसार चाळणी लावा. आमचं असं निघालं. सगळं कुटुंब एकत्र असलेले चार सीन, आठ पानं. फक्त आई-बाबांचे पाच सीन, सात पानं. आई आणि मुलगा सहा सीन, सात पानं. आजोबा आणि मुलगा सहा सीन, आठ पानं. बाबा आणि काकांचे तीन सीन, पाच पानं. आजोबा एकटे किंवा काकांबरोबर, दोन सीन, तीन पानं.

या सहा ढिगाऱ्यांकडे बघितलं की अडचण कुठे आहे ते लगेच दिसतं. आई आणि बाबा दोघंही लागतात अशी पंधरा पानं आहेत. दिवसाला पाच पानं या वेगानं तीन दिवस. बाबांना मालिकेनं मंगळवार ते शनिवार सोडलं होतं. आईला शुक्रवारी संध्याकाळी निघावं लागणार होतं, शनिवार-रविवार पुण्यात आणि ठाण्यात प्रयोग, आणि सोमवारी दुपारी ती परत येणार. म्हणजे दोघांचे सामाईक दिवस मंगळ, बुध, गुरू, शुक्र. चार दिवस मिळतायत, तीन लागतायत. हा एक दिवसाचा फरक म्हणजे तुमच्या सगळ्या चित्रपटाची श्वास घ्यायची जागा. तो फरक शून्य निघाला असता तर मी शूटिंग पुढं ढकला म्हणाले असते. तारखा नसताना निर्मात्याला “बघू, जमवू” म्हणणारा सहायक दिग्दर्शक पुढे सगळ्यांना महागात पडतो, आणि हे मी स्वतः एकदा करून झाल्यावर बोलतेय.

तेव्हा पहिले तीन दिवस त्या पंधरा पानांचे. शुक्रवारी आई-मुलाचे सीन लावले, पण बाबांना दुपारी बारापर्यंत तयार राहायला सांगितलं. तीन दिवसांत काही सांडलं तर शुक्रवारी सकाळी ते भरून काढायचं. शनिवारी बाबा-काका, तिथे आईची गरजच नाही. रविवारी आजोबा आणि मुलगा. सोमवार-मंगळवार उरलेले आई-मुलगा आणि आजोबा-मुलगा. असे आठ दिवस.

ऐकायला सोपं वाटतं, कारण मी अजून भिंत सांगितलेली नाही.

वाटणीची भिंत अंगणात उभी राहिली की आधीचं अंगण संपलं. आर्टवाल्यांसाठी हा एकेरी रस्ता असतो. म्हणून चार्टमध्ये “अंगण, भिंतीआधी” आणि “अंगण, भिंतीनंतर” अशी दोन वेगळी लोकेशन्स धरावी लागतात. तुमच्या कथेत भिंत नसेल, पण असं काहीतरी नक्की असेल. घराला रंग लागतो, झाड तोडलं जातं, कोणीतरी वारतं आणि मुलगा मुंडण करतो. ते आधी शोधा. केस, दाढी, मिशी हे तर फारच फसवं प्रकरण आहे. मालिकेतल्या नटाची मिशी मालिकेच्या मालकीची असते. तुमच्या सीनसाठी ती काढता येत नाही आणि त्यांनी काढायला सांगितली तर तुम्हाला कळवतीलच असं नाही. पहिल्या भेटीतच हे बोलून घ्या आणि लेखी घ्या.

आमच्याकडे भिंतीनंतरचे सीन मुख्यतः आई-मुलगा आणि आजोबा-मुलगा यांचे होते, ते शेवटच्या दोन दिवसांत छान बसले. फक्त एक सीन आडवा आला. बाबा आणि काका माजघरात बोलतात, आणि दारातून मागे भिंत दिसते. बाबा शनिवारपर्यंतच. भिंत उभी राहणार रविवारी रात्री. आमच्या कला-दिग्दर्शकानं यावर डोकं लढवलं. माजघराच्या दारातून कॅमेऱ्याला दिसतो तेवढाच भिंतीचा तुकडा, साधारण सहा फूट बाय चार फूट, प्लायवर विटांचा गिलावा करून दाराबाहेर उभा केला. तीन माणसांनी उचलून आणला, सीन झाल्यावर उचलून नेला. त्यासाठी दिग्दर्शकाला एक गोष्ट कबूल करावी लागली की या सीनमध्ये बाबा दारातून बाहेर अंगणात जाणार नाहीत. असं कबूल करून घेणं हे चार्ट लावणाऱ्याचं काम आहे. ते कागदावर असतानाच करा. सेटवर दिग्दर्शकाला काहीही सुचतं.

खरी भिंत बांधायची म्हणजे ठोकाठोक. सिंक साउंड असेल, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड होणार असेल, तर तेवढ्या वेळात वाड्यात काही घेता येत नाही. म्हणून रविवारी पॅक-अपनंतर काम सुरू, सोमवारी सकाळी रंग आणि वाळवण. त्या सकाळी युनिट नदीच्या घाटावर नेलं, तिथे आजोबा-मुलाचा एक छोटा सीन होता. दुपारी आई आली तोवर भिंत जुनी दिसायला लागली होती. सोमवारी त्यामुळे फक्त साडेतीन पानं ठेवली. निर्मात्यानं विचारलं, इतकी कमी का? कारण चार्टमध्ये भिंतीच्या वाळण्यालाही वेळ द्यावा लागतो.

आता मुलगा. कलाकार म्हणून काम करणाऱ्या बालकाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त कामाला ठेवता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, असं २०१७ च्या बालकामगार नियमांत आहे. शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगीही आधी घ्यावी लागते. तिला वेळ लागतो, तेव्हा मुलाची निवड झाल्या दिवशी अर्जाला लागा. पण कायदा बाजूला ठेवला तरी पाच तासांनंतर मुलाच्या चेहऱ्यावर काही उरत नाही, हे कोणताही दिग्दर्शक सांगेल. म्हणून मुलाच्या सीनमध्येही क्रम लावायचा. आधी त्याचे क्लोजअप, मग त्याच्या खांद्यावरून मोठ्यांचे, आणि तो घरी गेल्यावर मोठ्यांचे उरलेले. मोठ्या नटांनी त्या वेळी रिकाम्या जागेकडे बघून बोलायचं. आमच्या आजोबांनी कुरकुर केली, मग स्वतःच मुलाच्या उंचीवर एक पाण्याची बाटली ठेवून घेतली.

मुलाचे रात्रीचे सीन दिवसा घ्या. माजघराच्या खिडक्यांना आणि दारांना बाहेरून काळं कापड मारलं की दुपारी दोनला मध्यरात्र होते. आजोबांचं काम करणारे ज्येष्ठ नट सकाळी नऊच्या आधी येणार नव्हते आणि रात्री आठनंतर थांबणार नव्हते, त्यांच्याही रात्री अशाच दुपारी उरकल्या. अंगणाला आणि ओसरीला मात्र हे लागू नाही, तिथे आभाळ झाकता येत नाही. तेव्हा यादीत “रात्र” असं नुसतं लिहू नका, “खरी रात्र” आणि “झाकून रात्र” असे दोन प्रकार करा. आमच्याकडे खऱ्या रात्रीचा वाड्यात एकच सीन निघाला, आई-बाबांचा ओसरीवरचा. एका सीनसाठी अख्खं युनिट नाइट शिफ्टला न्यायची गरज पडली नाही. त्या दिवशी शिफ्ट अकरा ते अकरा केली आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल उशिराचा दिला, एवढंच.

चौकाच्या उन्हाबद्दल एक आडवळण. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे चौसोपी वाड्यात उत्तरेकडची ओसरी भर दुपारी उन्हात न्हाते आणि दक्षिणेकडच्या बाजूला दिवसभर सावलीच असते. बारा ते दोनच्या दरम्यान चौकात ऊन-सावलीची जी रेघ पडते तिच्यावर सगळ्या कुटुंबाला उभं करून चार पानांचा सीन घेणं म्हणजे कॅमेरामनचा शाप घेणं. लोकेशन बघायला रेकीला जाल तेव्हा एक माणूस दिवसभर तिथे बसवा आणि दर तासाला त्याच जागेवरून मोबाइलनं फोटो काढायला सांगा. त्या दहा फोटोंवरून तुम्हाला अंगणातल्या सीनच्या वेळा मिळतील.

तर दिवसवार असं ठरलं. मंगळवारी आई-बाबांचे दोन दिवसाचे सीन आणि सगळ्यांचा एक छोटा सीन, मिळून साडेचार पानं. पहिल्या दिवशी मुद्दाम कमी, आणि वाटणीचं मोठं भांडण तर पहिल्या दिवशी नाहीच. नटांना एकमेकांची सवय व्हायला एक दिवस लागतो आणि युनिटला चहा कुठे मिळतो ते शोधायलाही. बुधवारी जेवणाच्या पंगतीसकट कुटुंबाचे दोन सीन आणि रात्रीचा तो ओसरीवरचा, साडेपाच. गुरुवारी वाटणीचं भांडण आणि आई-बाबांचे दोन झाकून रात्रीचे, पाच. शुक्रवारी आई-मुलगा तीन सीन, आणि आई गेल्यावर आजोबा-काकांचा एक, पाच. शनिवारी बाबा-काका, पाच, मुलाला सुट्टी. रविवारी आजोबा-मुलगा तीन सीन आणि आजोबांचा एकट्याचा एक, साडेपाच. सोमवारी घाट, आणि दुपारनंतर आई-मुलाचे दोन, साडेतीन. मंगळवारी आई-मुलाचा एक आणि आजोबा-मुलाचे दोन, चार. बेरीज करा, ३८ येते. बेरीज खरंच करा. माझ्या पाहण्यात एका चार्टमधून एक अख्खा सीन गायब झाला होता आणि तो पॅक-अपच्या रात्री सापडला.

पंगतीचा सीन बुधवारी ठेवण्यामागेही कारण होतं. त्यात पानात वाढलेलं जेवण दर टेकला तेच आणि तेवढंच दिसायला हवं. वरण-भाताची उंची, लिंबाची फोड, सगळं. कंटिन्युइटीवाल्या मुलीला आणि स्वयंपाकाच्या दादांना तयारीला मंगळवार मिळाला. जेवणाचा सीन शक्यतो युनिटच्या जेवणानंतर लावू नका, नटांना दहा टेक घास घ्यायचे असतात.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. बुधवारी पंगत दोन तास लांबली. ओसरीवरचा रात्रीचा सीन झाला, पण कुटुंबाच्या दुसऱ्या सीनचे दोन शॉट राहिले. ते गुरुवारी सकाळी उरकले, शुक्रवारची राखीव सकाळ वापरावी लागली नाही, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. गुरुवारी रात्री नऊ वाजता बाबांच्या मालिकेच्या प्रॉडक्शनमधून फोन आला. शनिवारी सकाळी नट सेटवर हवाय, आधी करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलीय. शनिवार गेला. बाबा-काकांची पाच पानं हवेत.

अशा वेळी चार्टमध्ये आधीपासून एक रकाना भरलेला असला तर जीव वाचतो. माझ्या यादीत शेवटचा रकाना असतो, “कुठेही होईल का?” प्रत्येक सीनसमोर हो किंवा नाही. पंगत, नाही. अंगणातलं भांडण, नाही. बाबा-काकांचा कोठीच्या खोलीतला रात्रीचा सीन, हो. दोन माणसं, एक कंदील, मागे अंधार, एक लाकडी दार. तो सीन वाड्यातून काढला. कला-दिग्दर्शकानं कोठीच्या दाराचं माप आणि फोटो घेतले, पुढे पुण्यातल्या फ्लॅटच्या दिवसांत तसंच दार एका खोलीत उभं केलं आणि तिथे तो घेतला. पडद्यावर कुणाला कळलं नाही. ते दार पुण्यात जरा जास्तच चकचकीत दिसत होतं असं मला अजून वाटतं, पण ते फक्त मलाच दिसतं.

उरले बाबा-काकांचे दोन सीन, साडेतीन पानं, त्यातला एक प्लायच्या भिंतीचा. शुक्रवारी नऊच्या कॉलला आई-मुलाचे भिंतीआधीचे दोन सीन साडेबारापर्यंत घेतले. तिसरा आई-मुलाचा सीन माजघरातला होता, त्यात अंगण दिसत नव्हतं, म्हणून तो सोमवारी ढकलला. भिंत झाल्यावरही चालणार होता. आईला दुपारीच मोकळं केलं. साडेबारा ते रात्री अकरा बाबा-काका, आणि बाबा रात्रीच गाडीत बसून मुंबईला गेले. आजोबा-काकांचा शुक्रवारचा सीन शनिवारी गेला, आणि शनिवारी जागा होती म्हणून आजोबा-मुलाचा रविवारचा एक सीन पुढे आणला. मुलाची सुट्टी गेली, त्याऐवजी रविवारी त्याला अर्धा दिवस दिला. सोमवारी साडेतीन पानांची साडेचार झाली, पण घाटावरचा सीन लवकर संपला होता. ओव्हरटाइम एका शुक्रवारचा लागला, नववा दिवस लागला नाही.

हे जमलं ते मी हुशार म्हणून नव्हे. जमलं कारण सगळ्यात अवघड कॉम्बिनेशन आधी मारून ठेवलं होतं. तेच मी शनिवारवर ठेवलं असतं, किंवा “आधी सोपं सोपं घेऊ” म्हणून आजोबा-मुलगा पहिल्या दोन दिवसांत घेतले असते, तर गुरुवारच्या फोननं चित्रपट बसला असता. दुर्मीळ माणसं जेव्हा पहिल्यांदा एकत्र मिळतात तेव्हाच त्यांचं काम करायचं. सहज मिळणारी माणसं, आमच्याकडे काका आणि आजोबा, ही चार्टमधली वाळू. फटी दिसतील तिथे ती भरायची. म्हणून काकांचं काम करणाऱ्याला आधीच सांगा की आठही दिवस तुम्ही तिथेच राहायचंय, एखाद्या दिवशी नुसतं बसावं लागेल. माणूस चांगला असेल तर बसतो.

तुमचा चार्ट लावून झाला की तो आडवा न वाचता उभा वाचा. म्हणजे दिवसांच्या ओळींऐवजी एकेका माणसाचा रकाना वरून खाली. बाबांच्या रकान्यात शेवटच्या दिवशी असा सीन दिसला जो वाड्याशिवाय होऊ शकत नाही आणि ज्यात आईही आहे, तर चार्ट चुकलाय, कितीही सुबक दिसत असला तरी. मग आर्टचा रकाना तसाच वाचा. एखाद्या दिवशी सकाळी भिंत आहे आणि दुपारी नाही असं निघतं, आणि ते सेटवर कळण्यापेक्षा कागदावर कळलेलं बरं. शेवटी कपड्यांचा. आमच्याकडे आईच्या एका साडीवर पंगतीत वरण सांडायचं होतं, आणि पुढच्याच ओळीत तीच साडी कोरी हवी होती. दुसरी तशीच साडी आणायला वाईच्या बाजारात माणूस पळवला, तिथे नव्हती, पुण्याहून मागवली.

तारखांचं बोलणं तोंडी ठेवू नका. नटाकडून, त्याच्या मॅनेजरकडून आणि जमत असेल तर मालिकेच्या प्रॉडक्शनकडूनही मेसेजवर तारखा मागून घ्या. त्यानं तारीख मोडणार नाही असं नाही, पण मोडताना निदान दोन दिवस आधी सांगायची लाज वाटते. नाटकाचं तसं नसतं. प्रयोगाच्या तारखा जाहिरातीत छापून येतात आणि सहसा हलत नाहीत, म्हणून मला मालिकेच्या नटापेक्षा नाटकाचा नट चार्टमध्ये बसवायला सोपा जातो. फक्त प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा कॉल देऊ नका. रात्री साडेबाराला ठाण्याहून निघालेलं माणूस वाईला पहाटे पोचतं आणि क्लोजअपमध्ये ते दिसतं.

आणि वाडामालकांशी आठ नाही, नऊ दिवसांचं बोला. नववा दिवस लागला नाही तर त्या दिवशी आर्टवाले भिंत पाडून अंगण सारवून देतील, ते कामही कुणीतरी चार्टमध्ये लिहायलाच हवं असतं.